नावे पडलेली रक्कम कोणाची?



वसंतात येथे व्याख्याने होतात ती साहित्याची, इतिहासाची. आम्ही हमाल-कामगारांत आयुष्य काढलेली माणसे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचले ते वेतनपत्रके आणि कायद्याची पुस्तके. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे एक साधे पुस्तक उघडणार आहोत. ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे, आणि बहुतेकांनी ते कधीच वाचलेले नाही. ते पुस्तक म्हणजे बँकेचे पासबुक.

आपल्या भागातला शेतकरी आडतीवर सोयाबीन घालतो, तेव्हा हातात आलेली हिशेबपट्टी तो ओळ न् ओळ वाचतो. हमाली किती, तोलाई किती, कडता कशाबद्दल धरला, हे विचारल्याशिवाय तो जागचा हलत नाही. पण तोच माणूस पासबुकातील शेवटचा आकडा तेवढा पाहतो आणि वही मिटतो. मधल्या ओळी इंग्रजीत असतात, तुटक अक्षरांत असतात, आणि रकमा किरकोळ असतात. या किरकोळ रकमा खरोखर किरकोळ असतात का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या संघटनेतील एक हमाल कार्यालयात आला. तावातावाने म्हणाला, “दादा, बँकेनं माझे हजार-बाराशे खाल्ले. आता तुम्ही मोर्चा काढा.” आम्ही म्हटले, “बाबा, मोर्चा काढू. पण आधी पासबुक भरून आण.” तो भरून घेऊन आला, आणि आम्ही दोघे ओळीवर बोट ठेवून बसलो.

मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या खात्यात १,९८० रुपये होते. २७ मे रोजी ४३६ आणि २० अशा दोन रकमा नावे पडल्या, उरले १,५२४. ३ जूनला १४७.५० नावे पडले, उरले १,३७६.५०. ५ जूनला मोबाइलच्या कर्जाचा १,४५० रुपयांचा हप्ता आला. खात्यात ७३.५० कमी होते, म्हणून हप्ता परत गेला आणि त्याबद्दल बँकेने २९५ रुपये कापले. कर्ज देणाऱ्या कंपनीने ८ जूनला तोच हप्ता पुन्हा पाठविला. तो पुन्हा परत गेला, पुन्हा २९५ कापले गेले. उरले ७८६.५०. महिन्याच्या शेवटी आणखी १७.७० गेले. हप्ता भरला गेलाच नाही, आणि खाते मात्र १,९८० वरून ७६८.८० वर आले.

आता यात बँकेने “खाल्ले” किती? हे ठरविण्यासाठी नावे पडलेली प्रत्येक रक्कम कोणाकडे गेली ते आधी वेगळे करावे लागते. धान्य पाखडताना कोंडा, खडा आणि दाणा वेगळा करतात, तसेच.

पहिला ढीग बँकेच्या स्वतःच्या आकाराचा. तो ओळखण्याची एक सोपी खूण आम्ही कामगारांना शिकवितो. बँकेच्या सेवा-आकारावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर लागतो. १ जुलै २०१७ पासून हा दर आहे. म्हणून आलेल्या रकमेला १०० ने गुणावे आणि ११८ ने भागावे. उत्तर पूर्ण, गोल निघाले तर तो बहुधा बँकेचा आकार समजावा. १७.७० चे १५ निघतात. तो तिमाहीचा, मोबाइलवर येणाऱ्या संदेशांचा आकार. १४७.५० चे १२५ निघतात. तो एटीएम कार्डाचा वार्षिक आकार. २९५ चे २५० निघतात. तो हप्ता परत गेल्याचा दंड. प्रत्येक बँकेचे दर निरनिराळे असतात, पण ही खूण सगळीकडे चालते. तीच रीत ४३६ ला लावून पाहा. उत्तर ३६९ आणि वर काही पैसे, असे वेडेवाकडे येते. म्हणजे ४३६ हा बँकेचा आकार नव्हे.

मग ४३६ कोणाचे? हा दुसरा ढीग. त्या ओळीत PMJJBY अशी सहा अक्षरे होती आणि २० रुपयांच्या ओळीत PMSBY अशी पाच. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दुसरी सुरक्षा विमा योजना. दोन्ही २०१५ साली सुरू झाल्या. जीवनज्योतीचा वार्षिक हप्ता आरंभी ३३० होता, सुरक्षेचा १२. १ जून २०२२ पासून ते ४३६ आणि २० झाले. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात, म्हणून या रकमा दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात जातात. कोणी वर्षाच्या मध्येच नाव घातले तर पहिल्या वेळी ३४२, २२८ किंवा ११४ असा कमी आकडा दिसतो. तोही याच योजनेचा.

बंधूंनो, या दोन ओळींवर आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मजूर सोबत्याची पत्नी आमच्याकडे आली. पती आजाराने वारून सहा महिने झाले होते. ती म्हणाली, “भाऊ, खात्यात काही राहिलं नाही, ते बंद करायचंय. अर्ज लिहून द्या.” अर्ज लिहिण्यासाठी आम्ही पासबुक उघडले, तर पतीच्या मृत्यूपूर्वीच्या मे महिन्यात ३३० रुपये नावे पडलेले. ती म्हणाली, “ते बँकेनं उगीच कापलेले. हे नेहमी त्यावरून चिडायचे.” ते उगीच नव्हते. जीवनज्योतीमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. खाते बंद करण्याचा अर्ज बाजूला ठेवला आणि मृत्यूचा दाखला, वारसाचे पासबुक, आधार असे कागद जोडून विम्याचा अर्ज केला. हेलपाटे झाले, पण पैसे आले. ती ओळ त्या दिवशी वाचली गेली नसती, तर त्या घराला आपल्याला काय मिळायचे होते हेही कधी कळले नसते.

म्हणून मयताचे खाते बंद करण्यापूर्वी मागच्या मे महिन्याचे पान पाहा, एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. ४३६ दिसले तर मृत्यू कशानेही येवो, अर्ज करावा. फक्त २० दिसले तर मृत्यू अपघाती असला पाहिजे. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जीवनज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येते आणि संरक्षण ५५ पर्यंतच असते. दोन बँकांत खाती असून दोन्हीकडून ४३६ गेले, तरी मिळणार दोनच लाख. दुसरा हप्ता वाया जातो. अशा वेळी एका बँकेला लेखी कळवून तो थांबवावा. आपण संमती दिलीच नव्हती असे वाटत असेल, तर बँकेकडे संमतीच्या अर्जाची प्रत मागावी. ती दाखविण्याची जबाबदारी बँकेची आहे.

तिसरा ढीग आपल्याच सहीने दुसऱ्याला दिलेल्या अधिकाराचा. पासबुकात ACH किंवा NACH असे येते आणि पुढे एखाद्या कंपनीचे नाव. दुकानात मोबाइल हप्त्याने घेताना आपण दहा ठिकाणी सह्या करतो, किंवा पडद्यावर बोट टेकवितो. त्यातली एक संमती अशी असते, की दरमहा ठरल्या तारखेला या कंपनीने माझ्या खात्यातून अमुक रक्कम घ्यावी. बँक येथे केवळ हुकूम पाळते. हा अधिकार बँकेत अर्ज देऊन रद्द करता येतो. पण अधिकार रद्द झाला म्हणजे कर्ज फिटले असे नव्हे. ते देणे उरतेच, आणि कंपनीचा दंड चढत जातो.

आता आमच्या हमालाकडे परत येऊ. त्याचा राग होता ४३६ वर. खरी गोम मात्र १४७.५० मध्ये होती. कार्डाचा तो आकार पडला नसता, तर ५ जूनला खात्यात १,५२४ असते आणि १,४५० चा हप्ता सुखरूप गेला असता. दीडशेहून कमी रकमेने ५९० रुपयांचा दंड ओढून आणला. कंपनीचा दंड निराळाच. पासबुक वाचताना रकमेबरोबर शेजारची शिल्लकही वाचावी, ती याचसाठी.

आम्ही मोर्चा काढला नाही. दोन अर्ज लिहिले. पहिला बँकेला, की हे खाते मूलभूत बचत खाते करावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा खात्यात किमान शिलकेची अट नसते आणि एटीएम कार्डावर वार्षिक आकार घेता येत नाही. महिन्याला किमान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. दुसरा अर्ज कंपनीला, की मजुरी १० तारखेला जमा होते, तरी हप्ता ५ ऐवजी १२ ला घ्यावा. दोन्ही मान्य झाले. दुसऱ्यांदा कापलेले २९५ बँकेने विनंतीवरून परत केले. पहिले केले नाहीत. दरपत्रकाप्रमाणे लावलेला आकार परत मिळणे हा हक्क नव्हे, हे आम्ही त्याला सांगितले.

उरला चौथा ढीग: जी रक्कम कोठेच बसत नाही, ती. तेथे वाट पाहू नये. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. फसवणूक दिसली तर १९३० या क्रमांकावरही कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या आदेशात असे तत्त्व घालून दिले, की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर तोटा ग्राहकावर पडू नये. पण गुप्त आकडा आपणच कोणाला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा आपला. आकाराविषयीची असो की फसवणुकीची, तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. तेथे पहिला प्रश्न विचारतात तो बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचा. ज्याच्याकडे पोच नाही त्याची बाजू तेथेच लंगडी पडते.

आपण घरी गेल्यावर एकच काम करावे. पासबुक भरून आणावे आणि मागच्या मे महिन्याचे पान उघडावे. तेथे ४३६ आहेत की नाहीत, हे आपल्या पत्नीला किंवा पतीला, आणि हाताशी आलेल्या मुलाला दाखवावे, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे तेही बँकेत विचारून घ्यावे. पट्टीवरच्या किलोभर कडत्यासाठी आपण आडत्याशी भांडतो. दोन लाखांची ओळ मात्र न वाचता मिटून ठेवतो. एवढे आपल्यापुढे मांडून आम्ही आपली रजा घेतो.