डीलरशिपचं इंग्रजी पत्र

मैत्रिणींनो, आज एकच ई-मेल घेऊन बसू. समजा, सांगोल्याला एका बाईचं भांड्यांचं दुकान आहे आणि पुण्याच्या वितरकाकडून तिला प्रेशर कुकरची डीलरशिप हवी आहे. समोरचा कारभार इंग्रजीत चालतो, म्हणून पत्र इंग्रजीत. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणत चार ओळी घालवू नका. 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' पुरे. पहिल्याच वाक्यात गाव, दुकान आणि मागणी यावी. खरी अडचण पुढच्या तीन जागी असते.

पहिली जागा 'एक्स्क्लुझिव्ह' या शब्दाची. 'सोल डीलर' म्हटलं की दुसरा डीलर नेमायचा नाही, पण वितरक स्वतः तिथे विकू शकतो. 'एक्स्क्लुझिव्ह' म्हटलं की त्यानेही विकायचं नाही, असा व्यापारातला सर्वसाधारण अर्थ. पण अर्थावरून नंतर भांडणं होतात. त्यामुळे नुसत्या शब्दावर विसंबू नका. 'सांगोला तालुक्यात आपण दुसरा डीलर नेमणार नाही आणि थेट माल विकणार नाही' हे सरळ वाक्य घाला. मुदतही लिहा, एक वर्ष म्हणा.

दुसरी जागा मार्जिनची. कुकर दीड हजाराला विकायचा आहे आणि पत्रात '२५ टक्के मार्जिन' मागितलं. विक्रीच्या किमतीवर धरलं तर तो आपल्याला १,१२५ रुपयांना पडतो. खरेदीच्या किमतीवर धरलं तर १,२०० रुपयांना. फरक ७५ रुपयांचा. चाळीस कुकरांमागे ३,००० रुपये. वितरक आपल्या सोयीचा अर्थ घेणार. म्हणून टक्क्यांशेजारी खरेदीचा रुपयांतला दरही लिहावा, आणि तो जीएसटीसह की वगळून, हेही.

तिसरी जागा सहीची, आणि ती आपल्याला सर्वांत जवळची. सहीखाली जीएसटी क्रमांक द्यावा लागतो. तो पंधरा अक्षरांचा. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७. पुढची दहा म्हणजे पॅन क्रमांक. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर तो पॅन मालकाचा असतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव कुणालाही दिसतं. गल्ल्यावर दिवसभर आपण बसतो, पण नोंदणी नवऱ्याच्या नावे असेल तर पत्राखाली आपल्याला 'प्रोप्रायटर' लिहिता येत नाही. त्याच्या लेखी अधिकारपत्रावर 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' म्हणून सही करता येते. मग डीलरशिप त्याची, बिलं त्याच्या नावे, उधारीची पतही त्याचीच. उद्या घर मोडलं तर कुकर कुणी विकले हे पत्र सांगणार नाही.

तेव्हा पत्र पाठवण्याआधी नोंदणीचा कागद काढून बघा. नाव आपलं हवं असेल तर आपल्या पॅनवर वेगळी नोंदणी करून घ्या आणि मगच वितरकाला लिहा.