वकिलांशी फोनवर बोललात? आता ते तारखांमध्ये लिहून काढा

आजचा विषय छोटा आहे, पण थेट पैशाशी आणि मुदतीशी संबंधित आहे. वकिलांशी फोनवर वीस-बावीस मिनिटं बोलणं होतं. फोन ठेवल्यावर आपल्याला वाटतं, चला, सगळं सांगून झालं. दोन दिवसांनी वकिलांचा मेसेज येतो, "मेमो नक्की कधी मिळाला?" आणि आपण परत आठवत बसतो.

मी पुण्यात एका वकिलांकडे काम करते. अशा फोननंतर कागद तयार करणं हे माझं रोजचं काम. त्या कागदाचे दोन भाग असतात. पहिला, काय काय घडलं ते तारीखवार. दुसरा, अजून काय माहीत नाही त्याची यादी. हे कसं करायचं ते एका केसवरून सांगते. चेक बाउन्सची केस घेतली आहे, कारण तिथे तारीख चुकली की हातातली केस जाऊ शकते. ओळख पटू नये म्हणून तारखा, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत.

एक लग्नाचे फोटो काढणारा मुलगा. काम ठरलं एक लाख ऐंशी हजारांना. साठ हजार ॲडव्हान्स मिळाले आणि उरलेल्या एक लाख वीस हजारांचा चेक मिळाला. तो वटला नाही. फोनवर तो साधारण असं बोलला:

"मॅडम, मार्चमध्येच चेक बाउन्स झाला. मग ते म्हणाले, परत टाका, आता पैसे आहेत. परत टाकला तर परत तेच. पाच तारखेला बँकेत जाऊन कागद घेऊन आलो. मध्ये वीस हजार दिले होते त्यांनी, पण बाकीचं देतच नाहीत. आणि काम नवरदेवाने दिलं होतं, चेक त्याच्या मोठ्या भावाचा आहे."

यात खोटं काही नाही. पण माणूस घडलं त्या क्रमाने बोलत नाही. ज्याचा राग जास्त, ते आधी येतं. "मध्ये वीस हजार दिले" हे वाक्य तर तो सहज बोलून गेला. पुढे बघा, सगळ्यात जड वाक्य तेच निघतं.

पहिला भाग: तारीखवार

नियम सोपा आहे. एका ओळीत एकच घटना. आधी तारीख, मग काय घडलं, मग ते कशावरून माहीत आहे. तारीख नक्की नसेल तर "सुमारे" लिहायचं, अंदाजाने आकडा टाकायचा नाही. आणि वकिलांचं मत या यादीत येऊ द्यायचं नाही. "केस स्ट्रॉंग आहे" ही घटना नाही. "मुद्दाम फसवलं" हीसुद्धा घटना नाही. मेसेजमध्ये जे शब्द होते तेच लिहायचे.

फोन झाला १४ मे २०२५ ला. त्याच संध्याकाळी तयार झालेली यादी अशी:

- २ फेब्रुवारी २०२५: लग्नाचं शूट. (कोटेशन, व्हॉट्सॲप)
- १० मार्च: चेक हातात मिळाला. (फक्त आठवण, कागद नाही)
- १५ मार्च: चेकवर लिहिलेली तारीख. रक्कम १,२०,०००. (चेकचा फोटो)
- १७ मार्च: चेक पहिल्यांदा बँकेत भरला. (स्लिप)
- १९ मार्च: चेक परत, कारण "अपुरी शिल्लक". (मेमो)
- तारीख माहीत नाही: समोरून २०,००० आले. (यूपीआय, स्टेटमेंट बघायचं आहे)
- २८ एप्रिल: चेक दुसऱ्यांदा भरला. (स्लिप)
- ३० एप्रिल: चेक परत गेल्याचा बँकेचा एसएमएस. (स्क्रीनशॉट)
- ५ मे: मेमो बँकेतून हातात घेतला. (मेमो, पण हातात घेतल्याची तारीख आठवणीतून)

आता बघा, बोलताना "चेक" हा एकच शब्द होता. कागदावर त्याच्या तारखा वेगवेगळ्या झाल्या: हातात आला ती, वर लिहिलेली, भरला ती, परत गेला ती, आणि परत गेल्याचं आपल्याला कळलं ती. कायद्याला यातली प्रत्येक तारीख वेगळ्या कामासाठी लागते.

चेक आजकाल त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्यात तो एकापेक्षा जास्त वेळा भरता येतो. मार्चमधल्या बाउन्सनंतर नोटीस पाठवली नव्हती, तरी दुसऱ्या वेळच्या बाउन्सवरून केस करता येते. सर्वोच्च न्यायालयाने हे एमएसआर लेदर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणून इथे मोजणी एप्रिलच्या बाउन्सपासून.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ सांगतं की चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. आता ही माहिती मिळाली कधी? ३० एप्रिलच्या एसएमएसने की ५ मेच्या कागदाने? एसएमएसपासून मोजलं तर शेवटचा दिवस ३० मे. कागदापासून मोजलं तर ४ जून. यावर कोर्टात भांडण्यापेक्षा आधीची तारीख धरून चालणं केव्हाही बरं. पण ही निवड करायला दोन्ही ओळी कागदावर असाव्या लागतात. त्याने फोनवर फक्त "पाच तारखेला" एवढंच सांगितलं होतं. एसएमएस सापडला तो यादी करताना.

दुसरा भाग: काय माहीत नाही

बरेच जण तारखा लिहून थांबतात. पण खरं काम दुसऱ्या यादीत असतं. ती करायची पद्धत अशी: पहिल्या यादीत जिथे जिथे "सुमारे", "आठवण" किंवा "माहीत नाही" आलं आहे, तिथून एकेक प्रश्न काढायचा. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहायच्या. उत्तर कोणाकडे आहे, कधीपर्यंत हवं, आणि उत्तराने काय बदलेल. तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर तो प्रश्न बहुतेक सोडून देता येतो.

या केसमध्ये तीन प्रश्न उरले.

पहिला: वीस हजार कधी आले आणि कशाचे? उत्तर क्लायंटकडे, त्याच्या यूपीआय हिस्टरीत. हवं दुसऱ्याच दिवशी.

याने काय बदलतं ते नीट ऐका. दशरथभाई पटेल यांच्या केसमध्ये २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेक दिल्यानंतर आणि तो वटण्यासाठी भरण्याआधी काही रक्कम मिळाली असेल, तर तशी नोंद चेकवर करावी लागते. नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर त्या दिवशी तेवढं देणं उरलेलंच नसतं. मग तो परत गेला तरी कलम १३८ चा गुन्हा बसत नाही. म्हणजे वीस हजार २८ एप्रिलच्या आधी याच बिलापोटी आले असतील, तर एक लाख वीस हजारांच्या चेकवरची केस अडचणीत. नंतर आले असतील, तर गोष्ट वेगळी. एकाच ओळीची जागा, वर की खाली, एवढ्यावर हे अवलंबून.

दुसरा: नोटीस कोणाला? काम नवरदेवाने दिलं, चेक भावाच्या खात्याचा. उत्तर वकिलांकडे, नोटीस लिहिण्याआधी. कलम १३८ मध्ये जबाबदारी चेक देणाऱ्या खातेदाराची असते. पण भावाने तो चेक कोणत्या देण्यासाठी दिला हे दाखवावं लागेल, म्हणून मूळ ठरावाचे मेसेज शोधायचे.

तिसरा: "परत टाका, आता पैसे आहेत" हे समोरच्याने लिहिलं की फोनवर सांगितलं? उत्तर क्लायंटकडे. लिहिलं असेल तर देणं मान्य असल्याचा तो एक पुरावा. मेसेज डिलीट करायचे नाहीत, आणि तो फोनही विकायचा नाही. नुसता स्क्रीनशॉट पुरेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी यूपीआय हिस्टरी आली. वीस हजार ९ एप्रिलला आले होते. म्हणजे चेक दुसऱ्यांदा भरायच्या आधी. क्षणभर वाटलं, संपलं. पण पेमेंटच्या नोंदीत समोरच्याने स्वतः "अल्बम" असं लिहिलं होतं, आणि कोटेशनमध्ये अल्बमचे वीस हजार वेगळे होते, एक लाख ऐंशी हजारांच्या बाहेरचे. आता हे यादीत कसं लिहायचं? "अल्बमचे पैसे आले" असं नाही. ते आपलं अनुमान झालं. लिहायचं असं: "९ एप्रिल: २०,००० जमा, नोंदीत 'अल्बम' हा शब्द. कोटेशनमध्ये अल्बम वेगळा." निष्कर्ष वकील काढतील. मॅडमनी तेव्हाच सांगितलं की समोरचा कोर्टात म्हणू शकतो, हे पैसे बिलातलेच होते. म्हणून नोटिशीत या वीस हजारांचा हिशेब उघडपणे मांडला. मागणी मात्र चेकच्या रकमेची.

नोटीस २० मेला स्पीड पोस्टने गेली, २३ मेला पोचली. यादीत लगेच दोन वेगळ्या ओळी वाढल्या, कारण पुढची मोजणी पाठवल्यापासून होत नाही, मिळाल्यापासून होते. समोरच्याला पंधरा दिवस, म्हणजे ७ जूनपर्यंत. ते संपायच्या आधी तक्रार दाखल केली तर ती टिकत नाही. पैसे आले नाहीत तर ८ जूनला तक्रारीचं कारण तयार होतं आणि तिथून एक महिना, म्हणजे ८ जुलैपर्यंत तक्रार. उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण असेल तर माफ करू शकतं, पण त्यावर विसंबून कोणी बसू नये.

शेवटचं, पाठवण्याबद्दल. हा कागद वकिलांना पाठवताना वर फोनची तारीख आणि एक ओळ लिहा: "मला समजलं ते असं आहे, चुकलं असेल तर दुरुस्त करा." फॅमिली ग्रुपवर टाकू नका. यातले कच्चे प्रश्न समोरच्या पक्षाच्या हाती लागले तर तो त्यांचाच बचाव होतो. आणि नवीन माहिती आली की जुनी ओळ खोडू नका, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहा. आमच्या कागदावर "तारीख माहीत नाही: २०,०००" ही ओळ अजून तशीच आहे, आणि तिच्याखाली १५ मेची दुरुस्ती. कोणती गोष्ट आपल्याला कधी कळली, हेही कधीतरी विचारलं जातं.