नाडीची ‘नारी’ होते तेव्हा

(ध्वनिमुद्रित भाषणाचा मजकूर)



आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी फोनवर मुद्रित करायच्या, फोनकडूनच त्या अक्षरांत उतरवून घ्यायच्या आणि त्या मजकुराचा सारांश बुलेटिनला पाठवायचा, अशी पद्धत आता घरोघरी पडली आहे. येथे मस्कतमध्ये मीही गेले काही महिने हे काम करते आहे. आज त्यातल्या एकाच टप्प्याविषयी बोलायचे आहे. यंत्राने मजकूर दिला आहे, सारांश अजून लिहायचा आहे. या मधल्या वेळात काय तपासावे?

यंत्र कसे चुकते ते आधी समजून घेऊ. ते केवळ ध्वनी ऐकत नाही. ज्या मराठीवर त्याला शिकवलेले असते ती बहुतांशी पुस्तकी, बातम्यांची, शहरी मराठी असते. अनोळखी उच्चार आला की ते त्याच्या जवळचा, आपल्या परिचयाचा आणि त्या जागी शोभेल असा शब्द बसवते. त्यामुळे चूक अडखळत नाही, गुळगुळीत दिसते. शुद्धलेखन तपासून ती सापडत नाही, कारण शब्द शुद्धच असतो.

आपल्या अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूच्या बोलीत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो. घोडा हा घोरा, पडला हा परला, साडी ही सारी. शब्दाच्या आरंभीचा ‘ड’ मात्र जागच्या जागी राहतो. डॉक्टरचा ‘रॉक्टर’ कोणी करत नाही. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ‘इ’पूर्वीचा ‘व’ गळतो, म्हणून वीस हे ‘ईस’ होते. हे अज्ञान नव्हे, ही रीत आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात कोकणातील बोलींचे नमुने छापलेले आहेत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात तर प्रत्यक्ष आवाज ऐकता येतात.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. रेवदंड्याकडच्या, पण आयुष्याची बरीच वर्षे ओमानमध्ये काढलेल्या एका आजींचे हे बोलणे. त्या म्हणाल्या होत्या:

“मत्र्याला तवा आमची खोली व्हती. जाऊ आजारी परली, नारी मंद चालली व्हती. डाक्टरनं ईस थेंब दिलं, औषध करू नाय, पोरीनं घेतलं.”

यंत्राने लिहिले:

“मात्रेला तेव्हा आमची खोली होती. जाऊ आजारी परी, नारी मंद चालली होती. डॉक्टरनं तीस थेंब दिले, औषध करू नये, पोरीनं घेतलं.”

घाईने सारांश करणारा यावरून लिहील, की एक स्त्री हळूहळू चालत होती, तिला तीस थेंब देण्यात आले आणि डॉक्टरांनी औषध करू नये असे सांगितले. मूळ गोष्ट अशी, की जावेची नाडी मंद होती, वीस थेंब दिले होते, आणि औषध कडू नव्हते म्हणून तिने ते घेतले.

मी आयुष्यभर रुग्णालयात काम केले, तेव्हा ‘नारी मंद चालली’ हे वाचताच माझे बोट थांबले. परंतु परिचारिका नसलेल्या माणसालाही ते सापडू शकते. संशयाची पहिली खूण ‘आजारी परी’ ही आहे. त्या शब्दांना तेथे काही अर्थच नाही. ‘परी’ म्हणजे ‘परली’, ‘परली’ म्हणजे ‘पडली’, हे एकदा कळले की या बोलणाऱ्या ‘ड’चा ‘र’ करतात हे सिद्ध झाले. मग सगळा मजकूर पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक मधल्या ‘र’च्या जागी ‘ड’ ठेवून पाहायचा. नारीची नाडी होते, करूचे कडू होते. निरर्थक दिसणारी एक चूक अशी अर्थपूर्ण दिसणाऱ्या दोन चुका पकडून देते.

‘तीस’ मात्र या मार्गाने सापडत नाही, कारण वीस काय नि तीस काय, दोन्ही शब्द तेथे चांगले बसतात. म्हणून संख्या, औषधाचे प्रमाण, पैसा, नावे आणि ‘नाही’ हा शब्द, एवढे तरी मजकुरावर विसंबून लिहू नये. त्या जागी ध्वनिमुद्रण पुन्हा, थोडी गती कमी करून ऐकावे. ‘मात्रेला’ हा शब्दही असाच. मत्रा हे मस्कतचे जुने बंदर. यंत्राला ते गाव ठाऊक नसावे, आणि पुढे औषधाची गोष्ट असल्याने वाचणाऱ्यालाही ‘मात्रा’ खटकत नाही. येथल्या पैशाचेही तसेच आहे. ओमानी रियालचे हजार बैसे होतात. पाचशे बैसे म्हणजे अर्धा रियाल. यंत्र त्याचे ‘पाचशे पैसे’ करते, आणि सारांशात ते पाच रुपये होऊन बसतात!

आपल्या समाजाच्या शब्दांना तर यंत्राच्या मराठीत स्थानच नाही. त्याच आजींच्या गावाकडच्या आठवणीत ‘हजानांनी प्रार्थना केली’ असे होते. उतरले ते ‘हजारांनी प्रार्थना केली’. आडनावे गावांवरून आलेली असल्यामुळे नवगावकर हे ‘नवा गावकर’ होतात. ‘बिरड्याचा रोजा’चे काय झाले ते सांगत नाही, उपासाच्या दिवशी ते ऐकवणार नाही. याउलट काही ठिकाणी यंत्र बरोबर असते आणि चुकतो तो सारांश करणारा. आजी ‘मशिदीत गेलो’ म्हणाल्या, यंत्राने तसेच लिहिले. आपली जुनी माणसे प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली उभारलेल्या शार हरहमीमला तर जुनी मशीद हेच नाव पडले. येथे दुरुस्ती करायची नाही, अर्थ जाणून सारांश लिहायचा.

बोलणारा कोणत्या गावचा, हे म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच विचारून ठेवावे. आता कोठे राहतो ते नव्हे, तर लहानपणी कोठे बोलायला शिकला ते. कोल्हापूरकडची एखादी बाई ‘मी आलो’ म्हणेल. गाव ठाऊक नसेल तर सारांशात ती पुरुष होईल. वऱ्हाडातला माणूस ‘मले’ म्हणेल आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणेल. तेथे ‘र’चा ‘ड’ करून पाहण्यात काही हशील नाही, ‘य’च्या जागी ‘ळ’ ठेवून पाहावा लागेल.

मात्र ‘र’ दिसला की ‘ड’ करत सुटू नये. आजींच्या बोलण्यात पुढे ‘वारा परला’ असे आले. वाडा पडला, की वारा पडला? त्यांच्या तोंडी दोन्ही शब्दांचा उच्चार एकच आहे. दहा वेळा ऐकले तरी कान निर्णय देऊ शकत नाही. यंत्राने पुढचे वाक्य ‘होळी हलेना’ असे लिहिले होते. ते ऐकले तर ‘होरी हलेना’ होते, म्हणजे होडी हलेना. तेव्हा वाराच पडला होता. शेजारच्या वाक्याची अशी साक्ष मिळाली तरच शब्द बदलावा. मिळाली नाही तर बोलणाऱ्याला विचारावे. विचारायला माणूस उरला नसेल, तर दोन्ही अर्थ कंसात लिहून ते वाक्य सारांशातून वगळावे, आणि मूळ ध्वनिमुद्रण त्या जागेच्या मिनिटासह जपून ठेवावे. घरातले दुसरे कोणी ऐकेल तेव्हा त्याला कदाचित ती हकीकत ठाऊक असेल.