शिवीनं सोडून दिलेली जागा



गोष्ट लिहिताना दोन जुन्या मित्रांची चहावरची शिवीगाळ सर्वांत सोपी वाटते. आपल्या चाकूरच्या बसस्थानकासमोर तासभर बसलं की ती फुकटात ऐकायला मिळते. पण नव्या लेखकांच्या कथा वाचताना दिसतं की ती नुसती टिपून आणली तर कागदावर निव्वळ भांडण उरतं. आपल्याच गावात बेतलेली एक लहानशी कथा मी आज तुमच्यासमोर मांडणार आहे. शिवीत माया कुठं बसते ते तिच्यातच दाखवता येईल. माणसं कल्पनेतली आहेत, त्यामुळं कुणी शेजाऱ्याकडं पाहू नये.

दोघं सत्तरी ओलांडलेले. एक निवृत्त गणित शिक्षक, दुसरा शेतकरी. 1972 च्या दुष्काळात दोघं लातूरला कॉलेजात होते, एका खोलीत राहत होते. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. शेतकऱ्याच्या डब्यात रोज मिलोची लाल भाकरी, म्हणून खोलीनं त्याचं नाव ‘मिलो’ ठेवलं. मास्तर बारीक अंगाचा, त्याचं झालं ‘सुकडी’. पन्नास वर्षं ही नावं टिकली. ती टिकली कारण चिडवणारा आणि चिडवून घेणारा दोघंही त्या वर्षी सारखेच भुकेले होते. एकाचं घर भरलेलं असतं आणि त्यानं दुसऱ्याला सुकडी म्हटलं असतं, तर ती मैत्री पहिल्या सहामाहीतच संपली असती.

आता हॉटेलात येऊ. सुकडी आधी येऊन बसलाय. मिलो अर्ध्या तासानं येतो.

“धा म्हणला होतास. शेतकऱ्याच्या घड्याळाला काटे नसतात व्हय रे?”

“तुझ्यासारखा घंटेवर पगार खाल्ला न्हाई मी. सरक तिकडं.” मग पोऱ्याकडं वळून, “दोन च्या. दोन्ही बिनसाखरेचे. ह्याची समदी साखर रक्तात गेली, जिभेवर कवाच नव्हती.”

“मला शुगर हाय. तुला काय झालंय?”

“तुझ्यापुढं गोड प्यालो तर तुझी नजर लागंल मला.”

इथं थोडं थांबू. मिलोची प्रकृती ठणठणीत आहे आणि त्याला गोडमिट्ट चहा लागतो, हे वाचकाला आधीच्या परिच्छेदात सहज कळलेलं हवं. मग बिनसाखरेचा दुसरा कप काय करतो ते सांगावं लागत नाही. काळजी कृतीत आहे, तोंडी मात्र नजर लागण्याची तक्रार. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं 1983 च्या आपल्या ग्रंथात अशा बोलण्याचा नेम सांगितला आहे. आपुलकी दाखवायची तर समोरच्याला असं काही बोलावं की ते उघड उद्धट असेल आणि उघड खोटंही असेल. ते खोटं आहे हे दोघांना ठाऊक असतं, म्हणून ऐकणारा उद्धटपणा बाजूला सारतो आणि उरलेली जवळीक घेतो. यातली ‘उघड खोटं’ ही अट लेखकानं फार जपायची असते. सुकडी गणितात आख्ख्या तालुक्यात नावाजलेला, म्हणून “तुला पाढे तरी येतात का” हे चालतं. पण ज्या साली सोयाबीन पाण्यात गेलं, त्या साली मिलोला “भिकारड्या” म्हटलं तर तो हसणार नाही, कारण ते खरं व्हायला आलेलं असतं. चिडवणं कुठं फसलं हे ओळखायची खूणही साधी आहे. उलट शिवी येत नाही. माणूस “हो ना” म्हणतो आणि कपाकडं बघतो.

पुढं मिलो विचारतो, “सकाळी सुई टोचून घेतली ना? वर खाल्लंस काही, का तसंच पळत आलास?”

“तू डाक्टर कवा झालास? बीए नापास.”

“नापास न्हाई, थर्ड क्लास. तुझ्यामुळं माझ्या खिशाला मुंग्या लागल्यात.” आणि तो सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर आपटतो. पुडीत खडीसाखर.

इन्सुलिन घेतलं आणि वेळेवर खाल्लं नाही तर रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, माणूस कधी विनाकारण चिडतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तेव्हा ताबडतोब साखर तोंडात घालावी लागते. म्हणजे ज्या माणसानं आत्ता याची साखर तोडली, तोच त्याच्यासाठी साखर खिशात घेऊन फिरतो. मित्राचा आजार त्यानं किती नीट समजून घेतलाय, ते या पुडीत आहे. लेखकानं इथं “मिलोचे डोळे पाणावले” असं एक वाक्य घातलं की पुडीची किंमत गेली. मिलोनं मुंग्यांबद्दल कुरकुर करावी, एवढंच.

सुकडीही रिकाम्या हातानं आलेला नाही. पिशवीतून डबा काढतो. “घरी उरलं होतं. कुत्र्याला टाकावं म्हणलं, तर कुत्रं दिसंना. मग तू आठवलास.” मिलो झाकण उघडतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, छोट्या डबीत दही. धपाट्यांतून अजून वाफ येतेय. उरलेलं अन्न गरम नसतं, हे मिलोला कळतं, सुकडीला कळतं, वाचकालाही कळतं. पुन्हा तेच, उद्धट आणि उघड खोटं.

इतक्यात एक तरुण येतो, सुकडीच्या पाया पडतो. त्याचा जुना विद्यार्थी. आता मिलोचं बोलणं बघा. “बसा की. तुमचे सर म्हणजे गणितातला देवमाणूस. आम्ही एका खोलीत होतो, मला ठावं हाय.” पोरगा गेला की लगेच, “एवढी स्तुती फुकट केली, च्याचे पैसे तू दे.” तिसऱ्यासमोर ‘सर’, दोघांत ‘सुकड्या’. ही अदलाबदल दाखवल्याशिवाय कथेतली शिवीगाळ पोकळ राहते. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं 1940 साली थट्टेच्या नात्यांवर लिहिलं. काही नात्यांत थट्टा करायची मुभा असते आणि ती सोसणाऱ्यानं रागवायचं नसतं. आपल्याकडं दीर-भावजय, मेव्हणा-मेव्हणी यांना रीतच ती मुभा देते. कॉलेजातल्या मित्रांना रीत काही देत नाही. त्यांनी ती मुभा एकमेकांना दिलेली असते, आणि ती त्या दोघांपुरतीच असते. पोरानं सरांना सुकडी म्हटलं तर मिलोच त्याच्या अंगावर धावून जाईल.

या वयात अशा शिवीची गरजही वेगळी होते. आईवडील गेले, थोरले भाऊबहीण गेले. मुलं ‘बाबा’ म्हणतात, सुना ‘मामा’ म्हणतात, गाव ‘सर’ म्हणतं. सगळीकडं मान आहे, पण ‘अरे’ म्हणणारं माणूस घरात उरलेलं नसतं. सुकडीला ‘अरे’ म्हणणारा मिलो हा शेवटचा आहे, आणि मिलोलाही सुकडी.

आपल्या मातीत मायेची शिवी नवी नाही. गंगाखेडच्या जनाबाईनं प्रत्यक्ष विठ्ठलाला एकेरी शिव्या दिल्या. देव तिच्यासोबत दळायला बसतो, असं मानणारी ती बाई. सोबत दळणाऱ्याला ‘अहो’ कसं म्हणणार?

आता ज्याच्यासाठी ही कथा मी लिहायला घेतली, तिथं येतो. मिलोची बायको मागच्या वर्षी गेली. तोवर या दोघांच्या शिव्यांत तिचा मोठा वाटा होता. “वहिनीनं तुला सोसला, तिचा सत्कार करायला पायजे”, “वहिनी, ह्याला बैलासंगं बांधा”, हे सुकडीचं ठरलेलं बोलणं. ती माजघरातून ओरडायची, “बांधते, पन बैल तयार न्हाई भाऊजी.” तिघांचा खेळ होता. ती गेल्यावर सुकडीनं ते बोलणं टाकून दिलं. सोबत ‘मुडद्या’, ‘मेल्या’ हे शब्दही टाकले. कुणी सांगितलं नाही. तो आता मिलोच्या उशिरा येण्यावर, सदऱ्यावर, थर्ड क्लासवर बोलतो. सगळीकडं वार करतो, एका जागेला सोडून. कथेत काळजीची सर्वांत मोठी खूण ही सोडलेली जागा आहे. पण न बोललेलं दाखवायचं कसं? त्यासाठी जुनं बोलणं वाचकाला आधी दोनदा तरी ऐकवून ठेवावं लागतं. मग सुकडी म्हणतो, “सोसला तुला...” आणि अडतो. “सोसला तुला ह्या बाकड्यानं इतकी वर्षं.” वाचकाला वहिनी ऐकू येते.

काही लेखक इथं सुकडीला मिलोच्या खांद्यावर हात ठेवायला लावतात. मला ते पटत नाही. ही जागा पुन्हा उघडायचा हक्क सुकडीचा नाहीच. ज्याचं माणूस गेलं त्यानंच ती उघडायची, ती सुद्धा त्याच्या वेळेला. माझ्या कथेत मिलो धपाटा मोडतो, एक घास खातो आणि म्हणतो, “मीठ कमी हाय. आमच्या हिनं हे तुझ्या तोंडावर मारलं असतं.”

सुकडीपुढं दोन वाटा आहेत. गप्प राहिला तर मिलोनं उघडलेलं दार त्यानंच लावल्यासारखं होईल. सांत्वन केलं तर मिलो एकदम दुखणाईत ठरेल, आणि वर्षभर गावानं त्याला तेवढंच ठरवलेलं आहे. म्हणून सुकडी तिसरंच करतो, जुन्या जागी परत जातो. “मारलंच असतं. आणि नेम चुकून तुला लागला असता. बैल समजून.”

मिलो हसतो. इतकं की ठसका लागतो आणि पोऱ्या पाणी घेऊन येतो. त्याच पाण्यावरून पुन्हा सुरू होतं. पैसे कुणी द्यायचे यावर दहा मिनिटं हुज्जत चालते, शेवटी सुकडी देतो.

“पुढच्या मंगळवारी मी देनार,” मिलो म्हणतो.

“ये तर आधी. धाला म्हंजे धाला.”

“साडेधाला येतो. आन् डबा आनताना मीठ बघून आन.”