फोटोतली घरघंटी नेमकी कुणाची?

जुन्या वस्तूंच्या जाहिराती आता आपण सगळ्याच मोबाईलवर बघतो. शिलाई मशीन, फ्रीज, घरघंटी, काय हवं ते दिसतं. पण फोटोतली वस्तू विकणाऱ्याकडे खरंच आहे, की दुसऱ्याच्या जाहिरातीतला फोटो उचलून लावलाय, हे कसं ओळखायचं, ते आज सांगते.

खोपोलीजवळच्या आमच्या एका गटाला जुनी घरघंटी घ्यायची होती. जाहिरात पनवेलची, किंमत सहा हजार, फोटो अगदी स्वच्छ. विकणारा म्हणाला, "बघायला येऊ नका, माल गोदामात आहे. दोन हजार टोकन पाठवा, घरपोच करतो." दोन हजार म्हणजे महिना शंभर रुपये भरणाऱ्या वीसजणींची एका महिन्याची बचत.

फोटो नीट बघितला तेव्हा एकीच्या लक्षात आलं की, मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यावरची अक्षरं गुजराती आहेत. आता पनवेलला गुजराती घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळलं.

मग जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला. गूगलचं ॲप उघडलं, शोधायच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चित्र असतं ते दाबलं आणि तो स्क्रीनशॉट निवडला. याला गूगल लेन्स म्हणतात. इथे एक काम जरूर करा. चौकटीचे कोपरे बोटाने सरकवून फक्त फोटो आत ठेवा. किंमत, नाव, बाकीचा मजकूर बाहेर. नाहीतर ते भलतंच शोधत बसतं. खाली घरघंट्यांचे ढीगभर फोटो येतात, पण "तशीच घरघंटी" आणि "तोच फोटो" यांत फरक आहे. Exact matches असं दिसलं तर ते दाबा, तिथे तोच फोटो आणखी कुठे आहे ते कळतं. तुलना यंत्राची करू नका, कारण एका कंपनीची यंत्रं सारखीच दिसणार. आजूबाजूचं बघा. फरशीचा तुकडा, वायरीचा वळसा, भिंतीचा पोपडा. आम्हाला तेच कॅलेंडर आणि तीच वायर राजकोटच्या एका जुन्या जाहिरातीत सापडली. किंमत तिथे अकरा हजार.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा कंपनीचा फोटो दहा दुकानदारांकडे सारखा दिसला, तर ती चोरी समजू नका. नव्या मालाला ते चालतं. जुन्या वस्तूला मात्र तिचा स्वतःचा फोटो हवा.

आणि काहीच सापडलं नाही तर? तर फोटो खरा आहे, असं अजिबात नाही. व्हॉट्सॲपवरून उचललेला किंवा लॉगिन करूनच दिसणाऱ्या जागेवरचा फोटो गूगलला बहुतेक सापडत नाही. काहीजण फोटो आरशासारखा उलटा करतात. तेव्हा यंत्रावरचं नाव उलटं दिसतंय का, ते बघा.

म्हणून दुसरी परीक्षा घ्यायची. नवा फोटो मागायचा, पण कसा हवा ते आपण ठरवायचं. आम्ही लिहिलं, "दादा, घरघंटीवर वाटी पालथी ठेवा, शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख लिहा आणि मागच्या कंपनीच्या पट्टीचाही फोटो काढा." ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. यांनी काय पाठवलं? सैन्यातल्या ओळखपत्राचा फोटो! बदली झाली म्हणून विकतोय म्हणे. फौजीच्या नावाने फसवायची ही युक्ती जुनी आहे. ओळखपत्राचा फोटोही शेवटी फोटोच, तोही उचललेला असू शकतो. व्हिडिओ कॉलवर घरघंटी चालू करून दाखवा म्हटलं, त्यानंतर उत्तर बंद.

फोटोत खाडाखोड करता येते, तेव्हा वाटी-चिठ्ठी दिसली तरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय टोकन नाही. पैसे गेलेच असतील तर संकोच न करता लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जाहिरातीचा आणि बोलण्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण ती माणसं सगळं पुसून टाकतात.

त्या गटाने पुढे कर्जतची एक घरघंटी घेतली. फोटो अंधारा, यंत्रावर पीठ सांडलेलं, वर पोराचं दप्तर. तिघी गाडीने जाऊन आल्या, दोन किलो तांदूळ तिथेच दळून बघितले आणि मग पैसे दिले. जाळी तेवढी नवी घ्यावी लागली.