काटकोनात दिलेले व्याज

चक्रवाढ व्याजाचे गणित सभेतील माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. मुद्दल एक रुपया, दर शेकडा १००, मुदत एक वर्ष. व्याजाची आकारणी वर्षाअखेरीस एकदाच केली तर रास होते २ रुपये. सहामाही केली तर २.२५, दरमहा केली तर सुमारे २.६१. आकारणी क्षणोक्षणी होऊ लागली, तरी रास सुमारे २.७१८ च्या पुढे जात नाही. हीच संख्या e. घातांकी वाढीचे मर्म एवढेच की, जितकी रास साचली असेल तितक्याच वेगाने ती वाढते.

आता दर i ठेवला तर? i म्हणजे −१ चे वर्गमूळ. त्यास ‘काल्पनिक’ म्हणण्याची रूढी काहीशी दुर्दैवीच, कारण संख्या प्रतलावर मांडल्या की i ने गुणणे म्हणजे डावीकडे काटकोनात वळणे, इतका साधा त्याचा अर्थ आहे. दोनदा वळले की तोंड उलट दिशेला होते. म्हणून i चा वर्ग −१.

या दराने मिळणारे व्याज राशीच्या दिशेने न पडता तिच्याशी काटकोनात पडते. वर्षातून एकदाच आकारणी केली तर रास 1 + i होते आणि तिचे केंद्रापासूनचे अंतर १.४१४ भरते. दोनदा केली तर ते १.२५, दहा वेळा केली तर १.०५१, शंभर वेळा केली तर १.००५. वाढ अशी विरत जाते आणि क्षणोक्षणीच्या आकारणीत अंतर एकच राहते. घाण्याचा बैल असाच चालतो. त्याचे प्रत्येक पाऊल लाटेशी काटकोनात पडते. म्हणून तो खांबापासून दूर जात नाही, जवळही येत नाही, फिरत राहतो.

या बिंदूचा वेगही एकच असल्याने t काळात तो t लांबीचा कंस चालतो. एकक वर्तुळावर तेवढा कंस चालून गेलेल्या बिंदूचे आडवे व उभे अंतर म्हणजेच कोसाइन व साइन. ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात मांडलेला संबंध तो हाच:

e^(it) = cos t + i sin t

t = 1 घेतल्यास उत्तर सुमारे ०.५४० व ०.८४१ येते. गणकयंत्र ०.९९९८ व ०.०१७५ दाखवू लागले, तर ते अंशांवर ठेवलेले आहे असे समजावे. येथे कोन कंसाच्या लांबीने, म्हणजे रेडियनमध्ये मोजावा लागतो. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. अर्धे वर्तुळ π लांबीचे, म्हणून e^(iπ) = −1.

दर निव्वळ i च्या पटीत असेल तोवरच ही वर्तुळाकार वाट टिकते. त्यात थोडा ऋण वास्तव भाग मिसळला की बिंदू फिरत फिरत केंद्राकडे ओढला जातो. छेडलेल्या सतारीच्या तारेचा स्वर असाच विरतो: i चा भाग त्याची उंची ठरवतो, वास्तव भाग त्याचे विरणे.