दुसरी किल्ली कुणाकडे?

मुलांनो, हॉस्टेलच्या खोलीत सामान लावून झालं असेल, कपाटाला नवं कुलूपही लागलं असेल. कुलपाबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या. एक तुमच्या खिशात आहे. दुसरी कुठे आहे? हाच प्रश्न मला तुमच्या ईमेलबद्दल विचारायचा आहे.

तुमच्यापैकी अनेकांचं जीमेल खातं सीईटीचा फॉर्म भरताना नेट कॅफेत उघडलेलं असतं. मागे रांग, त्यामुळे पासवर्ड कॅफेवाल्या दादांनीच ठरवला आणि घाईत मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण दुसरी किल्ली त्यांच्याकडे राहिली. आता तुम्ही नुसता पासवर्ड बदलाल आणि निर्धास्त व्हाल. अहो, पुढचं कुलूप बदललंत, पण मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच आहे! पासवर्ड विसरल्याचं सांगून खातं उघडायचा कोड त्या नंबरवर जाऊ शकतो.

म्हणून आधी नंबर, मग पासवर्ड. गूगल खात्याच्या Security भागात Recovery phone आणि Recovery email अशा दोन नोंदी असतात. तिथे दुसऱ्याचं जे असेल ते काढा, स्वतःचं घाला. मग पासवर्ड बदला. मग Your devices उघडा आणि कॅफेचा संगणक दिसला, तर तिथून बाहेर पडा.

हे हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात का करायचं? कारण नंबर बदलल्यावरही गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. जुनी किल्ली लगेच निकामी होत नाही. आज बदललंत, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

वडिलांचा नंबर असेल तर? विश्वासाचा प्रश्नच नाही. पण समजा, परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे, तुमचा फोन बसमध्ये हरवलाय, मैत्रिणीच्या फोनवरून तुम्ही खातं उघडताय. कोड गेला वडिलांकडे, आणि ते रानात, रेंज नाही. अशा वेळी कामाला येतात Backup codes. 2-Step Verification सुरू केलंत की तिथेच हे दहा कोड काढता येतात. प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोनबरोबर तेही जातील.

आणि हो, गावाकडचं सिम रिचार्ज न करता टाकून देऊ नका. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि तुमच्या बँकेत तोच... वेळ संपत आलीय. बँकेचं पुन्हा कधीतरी. तोवर आज रात्री जेवण झाल्यावर, गप्पांना बसण्याआधी, Recovery phone मध्ये कुणाचा नंबर आहे तेवढं बघा.